कोमटला विचारा

बाबांना रात्रीच्या गोळ्या कोमट पाण्याबरोबरच लागतात. गार पाणी दिलं की ते पेला बाजूला सारतात, जरा जास्त गरम असलं की ओठ मिटून घेतात आणि मग अर्धा तास काही केल्या तोंड उघडत नाहीत. त्यामुळे आमच्या ओट्यावर रात्री नऊच्या सुमाराला एक पेला निवत ठेवलेला असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री, पेल्यावर पालथी वाटी झाकलेली आणि समोरच्या पडद्यावर 'आपले सदस्यनाम लिहा' असं विचारणारा रिकामा चौकोन, अशा अवस्थेत मी त्या चौकोनात 'कोमट' एवढंच लिहिलं. तेव्हापासून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन गटात माझं हेच नाव आहे.

ते नाव सहज सुचल्यासारखं वाटतं, पण त्याच्याआधी महिनाभर मी नावांवर विचार केला होता. त्याला कारण होतं.

त्याआधीही माझं एक नाव होतं. ते इथे जसंच्या तसं देणार नाही, पण घडण सांगेन: माझं पाळण्यातलं नाव, गावाच्या नावाची तीन रोमन अक्षरं आणि शेवटी दोन आकडे. त्या नावानं मी एका रात्री खूप लिहिलं. बाबांनी दिवसभरात चाळीसेक वेळा एकच प्रश्न विचारला होता, संध्याकाळी मी त्यांच्यावर आवाज चढवला, त्यांचा हात जोरात झटकला आणि मग न्हाणीघरात जाऊन रडू आवरलं नाही, असं सगळं. हे बोलण्याची दुसरी जागा मला नव्हती. तीन आठवड्यांनी एका नातेवाइकांचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बाबांवर हात उगारलास म्हणे?" त्यांनी ते वाचलं होतं आणि माझं नाव त्यांना पहिल्या नजरेत ओळखू आलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे आज कळतं. पण त्यानंतर मी सात महिने कुठेही एक ओळ लिहिली नाही, आणि ते सात महिने बाबांच्या आजारातले सगळ्यात अवघड महिने होते.

म्हणून नावाचा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही. ज्या नावाआड राहून खरं बोलता येईल आणि तरीही ज्या नावानं कुणी आपल्याला प्रेमानं हाक मारू शकेल, असं नाव मला हवं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं सुरुवातीला वाटायचं.

आधी लपण्याचं बघू. नावातून माहिती गळते ती एकदम नाही, थेंबाथेंबानं. एक बनवलेलं उदाहरण घेऊ: `sayali_nurse_mh12_91`. या नावात आडनाव नाही, फोटो नाही. लिहिणारीला वाटत असेल की आपण अनोळखी आहोत. आता मोजून बघू. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख लोक होते. `mh12` हा पुण्याच्या परिवहन कार्यालयाचा गाडीवरचा क्रमांक, म्हणजे पुणे जिल्हा धरला तर माणसं उरली साधारण 94 लाख. `91` हे जन्मसाल. कुठल्याही एका वर्षी जन्मलेले लोक अंदाजे साठात एक धरले तर दीड लाखाच्या आसपास उरतात. त्यांतल्या बायका निम्म्या, म्हणजे 75 हजार. सायली नाव तीनशे मुलींत एकीचं असेल असं मानू, उरल्या अडीचशे. त्या अडीचशेंत परिचारिका किती? शंभरात एक धरली तर दोन किंवा तीन. तीनशे आणि शंभर हे माझे अंदाज आहेत, ते चुकले तर शेवटी तीनऐवजी दहा सायली उरतील. दहा सायलींमधून आपली सायली शोधायला एखाद्या नातेवाइकाला दोन मिनिटं पुरतात, कारण नातेवाइकाच्या डोक्यात नावं आधीच तयार असतात.

हाच हिशेब अर्ध्या-अर्ध्यानं केला की जास्त नीट कळतो. 8 कोटी 30 लाख ही संख्या अर्धी करत गेलं तर सत्तावीस वेळा अर्धी केल्यावर एक माणूसही उरत नाही इतकी लहान होते. म्हणजे आपल्याकडे सत्तावीस पायऱ्या आहेत. जिल्हा सांगितला की तीन पायऱ्या गेल्या. जन्मसाल सहा पायऱ्या खातं. स्त्री की पुरुष, ही एक पायरी. पहिलं नाव आठ. पेशा सहा-सात. चोवीस-पंचवीस पायऱ्या एका ओळीत संपल्या, तेही काही लिहायला सुरुवात करायच्या आधी. मला या मोजणीतलं सगळ्यात धक्कादायक काय वाटलं असेल तर जन्मसाल. शहर लपवायचं एवढं बहुतेकांना सुचतं, पण शहराच्या दुप्पट पायऱ्या ते दोन आकडे खातात.

आणि ते दोन आकडे तिथे येतात कसे? आपण हवं ते नाव लिहितो, 'हे नाव उपलब्ध नाही' अशी लाल ओळ येते, घाई असते, आणि बोटं आपोआप जन्मसाल टाइप करतात. नाव अडलं की आकडा जोडायचा ही सवय इतकी पक्की आहे की नावापुढचा 50 ते 99 किंवा 00 ते 10 मधला कुठलाही दोन अंकी आकडा वाचणारा जन्मसालच समजतो. तो घराचा नंबर असला तरी. म्हणून नाव अडलं तर आकडा नको, दुसरा शब्द जोडावा. 'पेला' अडला तर 'पेला_पालथा'.

गाव लपवणं मराठी माणसाला इतरांपेक्षा जड जातं, कारण आपल्याकडे गाव आडनावातच बसलेलं असतं. '-कर' लावलं की पत्ता दिला. कुसुमाग्रजांचं उदाहरण मला या बाबतीत फार आवडतं. विष्णु वामन शिरवाडकर हे नाव उच्चारलं की नाशिक जिल्ह्यातलं शिरवाडे सोबत येतं. 'कुसुमाग्रज' म्हटलं की गाव गळून पडतं, वय गळून पडतं, पेशा काही उरत नाही. उरतं ते एवढंच की हा कुसुम नावाच्या कुणाचा तरी थोरला भाऊ आहे. भावांमध्ये एकुलती एक असलेली ती बहीण. जो तिला ओळखत नाही त्याला या नावातून शोधायला काहीही मिळत नाही, पण नाव वाचताक्षणी एक थोरला भाऊ समोर उभा राहतो. केशवसुतांच्या नावातही नातंच आहे, पण तिथे वडिलांचं नाव, कृष्णाजी केशव दामले यांतलं मधलं, उघड आहे. माहीतगार माणसाला ते पुरेसं होतं. बहिणीचं नाव कागदपत्रांवर आपल्या नावाशेजारी कुठेही येत नाही. हा फरक बारीक आहे, पण लपण्याच्या दृष्टीनं मोठा आहे.

1933 साली 'विभावरी शिरूरकर' या नावानं बाळूताई खरे यांनी, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांनी, कथा प्रसिद्ध केल्या तेव्हा ही कोण बाई म्हणून केवढं वादळ उठलं होतं. तिथे टोपणनावालाही '-कर' आहे. मला नेहमी वाटतं की ते आडनाव मुद्दाम आहे. नुसतं 'विभावरी' छापलं असतं तर ते कवीचं नाव वाटलं असतं. शिरूरकर म्हटल्यावर ती शेजारच्या आळीत राहणारी, धुणं वाळत घालणारी, खरीखुरी बाई झाली. म्हणूनच तिचं बोलणं इतकं झोंबलं. गाव सांगण्यात ऊब असते हे नाकारून चालणार नाही. ती ऊब दुसऱ्या कशातून तरी आणावी लागते, एवढंच.

आता ऊब नसलेल्या नावाकडे येऊ. गटात सुरुवातीला एक सदस्य होते, त्यांचं नाव `user58213`. कुठलीही पायरी खर्ची न पडलेलं, अगदी सुरक्षित नाव. ते फार चांगलं लिहायचे. त्यांच्या आईला अंथरुणावरच्या जखमा झाल्या होत्या आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचं त्यांचं वेळापत्रक मी उतरवून घेतलं होतं. पण त्यांच्याबद्दल कुणाला काही सांगायचं झालं की वाक्य अडायचं. "ते मागे एकांनी लिहिलं होतं ना, आकडे असलेल्या..." असं काहीतरी बोलावं लागे. एकदा त्यांना उद्देशून एकीनं "58213 ना विचारा" असं लिहिलं आणि मला ते वाचून कैद्याचा बिल्ला आठवला.

तिथे माझ्या लक्षात आलं की मराठीत नाव आपलं होतं ते विभक्तीचा प्रत्यय लागल्यावर. नाव नुसतं वाचायचं नसतं. त्याला '-ला' लागतो, '-नं' लागतो, '-चं' लागतं, आणि त्यासाठी त्याला थोडं वाकावं लागतं. 'उंबरठा' असं नाव असेल तर "उंबरठ्याला विचारा", "उंबरठ्यानं सांगितलंय", "उंबरठ्याचं औषध लागू पडलं". त्या ठा चा ठ्या होतो तिथे ते नाव वाक्यात येऊन बसतं, पाट मांडून बसल्यासारखं. आणि मग त्याच्यापुढे नातं लागतं. ताई, दादा, राव, भाऊ, काकू. 'फोडणी' असं नाव घेतलेल्या बाईंना आठवड्याभरात सगळे फोडणीताई म्हणू लागले. 'दुसरा_चहा' नावाच्या एकांचे चहाराव झाले. त्या दोघांचं वय, गाव, नोकरी यांतलं काहीही मला आजही माहीत नाही. पण चहाराव दोन दिवस दिसले नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं.

त्यामुळे नाव निवडताना मी ते मोठ्यानं म्हणून बघायचं ठरवलं. तीन वाक्यं: "अमक्याला विचारा." "अमकं कुठे गेलं?" "अमक्याचं बरोबर आहे." तिन्ही वाक्यं तोंडात सरळ बसली तर नाव राहील. खालची रेघ आणि दोन शब्द असतील तर त्यातला एक शब्द हाकेसाठी वेगळा निघाला पाहिजे, जसा चहा निघाला. पाच-सहा अक्षरांपेक्षा मोठं नाव लोक आपणहून तोडतात, आणि कुठे तोडतील ते आपल्या हातात नसतं.

मग मी यादी केली. वहीच्या मागच्या पानावर अठरा नावं होती. त्यातली बरीच पहिल्याच दिवशी खोडली गेली, आणि ती का खोडली गेली ते सांगण्यासारखं आहे.

'फडताळ' मला फार आवडलं होतं. पण हा शब्द आज कोण वापरतं? ज्यांच्या लहानपणी घरात फडताळ होतं तेच. 'कोनाडा', 'रॉकेलची_बत्ती', 'कॅसेट_आणि_पेन्सिल' ही सगळी नावं एकही आकडा न लिहिता वय सांगतात. कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळलेला माणूस कुठल्या दशकात शाळेत होता ते कुणीही सांगेल.

खाण्याची नावं सगळ्यात उबदार असतात आणि सगळ्यात जास्त गळतात. 'पाटवडी' म्हटलं की विदर्भाकडे मान वळते, 'सोलकढी' म्हटलं की कोकण आणि गोवा, 'तांबडा_रस्सा' तर सरळ कोल्हापूरचा रस्ता दाखवतो. 'फोडणीची_पोळी' लिहून मी कितीतरी वेळ त्याकडे बघितलं. पोळी की चपाती, या एका शब्दावरून कोण कुठल्या भागातलं, कुठल्या घरातलं, याचे अंदाज आपल्याकडे लोक बांधतात, आणि ते बरेचदा बरोबर येतात. ते नाव खोडताना वाईट वाटलं. 'फोडणी' मात्र चालते, कारण ती सगळ्यांच्या घरात असते. फोडणीताईंनी हा विचार केला होता का ते ठाऊक नाही.

घरातली लाडाची नावं तर सपशेल बाद. परक्याला त्यातून काही कळत नाही हे खरं, पण मला परक्याची भीती नव्हतीच. मला ज्यांच्यापासून आड राहायचं होतं ते चारपाच लोक घरचेच होते, आणि लाडाचं नाव नेमकं त्यांनाच माहीत असतं. इथे मला माझ्या जुन्या चुकीचं मूळ सापडलं. कुणापासून लपायचं आहे ते आधी ठरवावं लागतं. नोकरीच्या ठिकाणच्यांपासून आड राहायचं असेल तर पेशाचे शब्द टाळावे लागतील, नातेवाइकांपासून राहायचं असेल तर घरातले. माझ्या बाबतीत एक साधी परीक्षा होती: हे नाव आत्याच्या समोर मोठ्यानं म्हटलं तर तिच्या चेहऱ्यावर काही हलेल का? 'कोमट' म्हटल्यावर काहीही हललं नसतं. बाबांना पाणी कसं लागतं ते रात्री नऊ वाजता आमच्या स्वयंपाकघरात असणाऱ्यालाच माहीत, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नसतं.

मला वाटतं, जिव्हाळ्याचं पण न गळणारं नाव अशाच जागी सापडतं. आपल्या रोजच्या करण्यातली एखादी बारीक गोष्ट, जी आपल्या ओळखीच्यांनी कधी पाहिलेली नाही, आणि जी प्रत्येक घरात कुठे ना कुठे आहे. कोमट पाणी कुणाच्या घरात नाही?

नाव ठरल्यावर मी ते शोधून बघितलं. अवतरण चिन्हांत घालून, देवनागरीत आणि रोमन अक्षरांत `komat` असंही. सकाळी उठून कोमट पाणी प्या, कोमट पाण्यात मध घाला, कोमट पाण्यानं गुळण्या करा. पानंच्या पानं. माझा मागमूस त्या पाण्यात बुडून जाणार हे दिसलं आणि बरं वाटलं. याच्या उलट, कुणाकडेच नाही असं घडवलेलं नाव असेल, 'कोमटाक्षी' म्हणा, तर ते शोधणाऱ्याला थेट तुमच्याच दारात आणून सोडतं. 2011 साली फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेतल्या संशोधकांनी जवळपास एक कोटी युजरनेम घेऊन हेच मोजलं होतं. नाव जितकं दुर्मीळ, तितकं दोन वेगळ्या ठिकाणचं ते नाव एकाच माणसाचं असण्याची शक्यता जास्त. दुर्मीळ नाव एका जागी वापरून थांबलं तर त्यानं फारसं बिघडत नाही. पण आवडतं नाव माणूस सगळीकडे नेतो. खरेदीच्या ठिकाणी, पाककृतींच्या ठिकाणी, जिथे पंधरा वर्षांपूर्वी शहर आणि कंपनी लिहून ठेवली होती त्या विसरलेल्या खात्यावर. मग इथलं दुःख आणि तिथला पत्ता एका धाग्यात ओवले जातात. माझं 'कोमट' एकाच ठिकाणी आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मी वेगळ्याच नावानं बागेबद्दल लिहितं, आणि ती दोन माणसं एकमेकांना भेटलेली नाहीत.

नाव शक्य तिथे देवनागरीत ठेवावं असंही मला वाटतं. रोमन अक्षरांत आपली लिहिण्याची ढब उघडी पडते. दोन a की एक, w की v, ee की i, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि ईमेलच्या पत्त्यातही तेच असतं. देवनागरीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. 'दुपारचं_ऊन' आणि 'दुपारच_ऊन' ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत, एका अनुस्वाराच्या फरकानं कुणीही तुमचा जुळा होऊन बोलू शकतो. गटात असं एकदा झालं होतं. त्यामुळे अनुस्वार, जोडाक्षर, ऱ्हस्वदीर्घ यांची गडबड होऊ शकणार नाही असं नाव बरं. को, म, ट. यात चुकायला जागा नाही.

एवढं सगळं करून एक गोष्ट राहिलीच, आणि ती नावात नव्हती.

मराठीत आपण तोंड उघडलं की पहिल्याच क्रियापदात स्त्री की पुरुष ते कळतं. 'मी गेले', 'मी गेलो', 'मी करते', 'मी करतो'. सत्तावीस पायऱ्यांपैकी एकच जाते हे खरं, पण ज्यांना ती एकही द्यायची नसते त्यांच्यासाठी भाषेनं थोड्या वाटा ठेवलेल्या आहेत. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'मी पाणी दिलं', 'मी गोळी शोधली'. इथे देणारं कोण ते कळत नाही. 'मला वाटलं', 'माझ्या लक्षात आलं' यांतूनही कळत नाही. भविष्यकाळ सुरक्षित आहे: 'मी सांगेन', 'मी येईन'. 'आम्ही गेलो' हे दोघांनाही चालतं. काही क्रियापदं मात्र फसवतात. विसरणं, शिकणं, बोलणं यांना कर्म असलं तरी ती कर्त्याचंच लिंग घेतात. 'मी नाव विसरलो' किंवा 'विसरले' असंच म्हणावं लागतं. तिथे 'माझ्या लक्षात राहिलं नाही' असं वळण घ्यायचं. आणि वळण घेऊनही प्रदेश डोकावतोच. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. ते गोड बोलणं कुणी लिहिण्यात आणलं तर एक गोष्ट लपते आणि दुसरी उघड होते.

हा लेख लिहितानाही मी ते सांभाळलं आहे. वर बागेबद्दल लिहिताना क्रियापद जरा अवघडलं, ते त्याच्यामुळेच.

नावानं सगळं झाकलं जातं असं मी कुणाला सांगणार नाही. गट चालवणाऱ्यांना आपला ईमेल दिसतो, कुठल्या जोडणीवरून आलो तेही दिसतं, आणि कायद्यानं मागितलं तर ते द्यावं लागतं. नावापेक्षा जास्त गळती तर मजकुरातून होते. "आज आमच्याकडे जत्रा, त्यामुळे बाबा फटाक्यांना घाबरले" या एका वाक्यात गाव आणि तारीख दोन्ही आलं. चहाराव एकदा लिहून गेले की त्यांच्या मुलीची बारावीची परीक्षा आहे. त्यांनी ते तासाभरात काढून टाकलं, पण तोवर चार जणांनी त्यांच्या वाक्यासकट शुभेच्छा दिल्या होत्या, आणि त्या शुभेच्छांमधलं त्यांचं वाक्य त्यांना काढता येईना. नाव बदललं तरी असंच होतं. जुन्या मजकुरात इतरांनी आपल्याला मारलेल्या हाका जुन्याच नावानं राहतात. म्हणून नाव एकदाच, पण सावकाश निवडावं.

आणि तरी नावानं खूप काही होतं. सात महिने गप्प राहिल्यावर 'कोमट' म्हणून मी जे पहिलं लिहिलं ते त्याच संध्याकाळबद्दल होतं, हात झटकल्याबद्दल. उत्तरं आली ती सल्ल्यांची नव्हती. फोडणीताईंनी लिहिलं, "कोमट, माझ्याकडूनही झालंय." 'उंबरठा' नावाच्या कुणी विचारलं, "कोमटनं आज काही खाल्लं का?" मला आठवतंय, ते '-नं' वाचून मी पडदा बंद केला आणि पुन्हा उघडून वाचलं. माझ्या खऱ्या नावाला तो प्रत्यय लावून, इतक्या साधेपणानं, कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं.

परवा रात्री सव्वादोनला बाबा उठून दाराची कडी काढायला लागले. त्यांना समजावून, पाठ थोपटून पुन्हा निजवलं आणि फोन हातात घेतला. गटात एक नवं नाव दिसत होतं, 'पायपुसणं'. त्या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं आणि अर्धंच ठेवलं होतं. "आई तीन रात्री झोपलेली नाही. मला आता" एवढंच. खाली फोडणीताईंचं उत्तर होतं, अर्ध्या तासापूर्वीचं. "अहो पायपुसणं, दारं बंद आहेत ना, गॅस बंद आहे ना, तेवढं बघा. रात्रीच्या फेऱ्यांचं कोमटला विचारा, त्यांचे बाबाही उठतात." आणि त्याच्या खाली, चारच मिनिटांपूर्वी, नव्या माणसानं लिहिलेलं होतं, "कोमट जागे आहेत का?"

मी लिहिलं, "आहे."